नाक गुलाबी झालं की घाणेरी आठवा

वीस ग्रॅम म्हणजे साधारण चार चमचे साखर. कण्हेरीची एवढ्या वजनाची वाळलेली पानं चारशे किलोच्या गायीचा जीव घ्यायला पुरतात. घाणेरीचं गणित अगदी वेगळं आहे. त्याच गायीला घाणेरी बाधायला चार किलो किंवा त्याहून जास्त ओला पाला पोटात जावा लागतो. एक मूठभरानं मारते, दुसरी भाराभरानं. दोन्ही झुडपं आपल्या माळावर, बांधावर, रस्त्याकडेला बारा महिने उभी असतात आणि दोन्हींना सुरेख फुलं येतात. पण एकीचा घाव हृदयावर बसतो, दुसरीचा यकृतावर. एकीला काही तास लागतात, दुसरीला काही दिवस. जनावर आजारी पडलं की कोणत्या झुडपाचा संशय घ्यायचा, हे निम्मं तर घड्याळच सांगतं.

पाहुणी आली ती बागेत

घाणेरी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. १८०९ साली ती शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि तिथून देशभर पसरली. पिकलेली काळी फळं पाखरं खातात आणि बिया लांबवर टाकतात, त्यामुळे तिला पसरवायला माणसाची गरज उरली नाही. कुठे तिला टणटणी म्हणतात. घाणेरी हे नाव वासावरून पडलं आणि ओळख पटवायची असेल तर तो वासच सगळ्यात खात्रीचा. पान चुरगळलं की उग्र दर्प हाताला बराच वेळ राहतो. पान खरखरीत, पानं समोरासमोर, खोड चौकोनी आणि बहुधा बारीक काट्यांचं.

तिच्या फुलांची एक गंमत आहे. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा नारिंगी दिसतात. उमलताना फूल पिवळं असतं, परागण झालं की ते रंग बदलतं. मध पिवळ्या फुलात असतो आणि फुलपाखरांना ते कळतं. ती पिवळ्याकडेच जातात. गायीला असा रंगाचा निरोप कोणी देत नाही. काही वाण जास्त विषारी असतात, काही कमी, पण फुलाच्या रंगावरून वाण निरुपद्रवी ठरवणं फार धोक्याचं आहे. गुराख्यानं सगळीच घाणेरी विषारी धरावी.

यकृताची मोरी तुंबते

घाणेरीच्या पानात लँटाडीन नावाची द्रव्यं असतात. ती यकृतात पोचली की पित्ताच्या बारीक नळ्यांकडे जाणारा प्रवाह थांबतो. यकृत पित्त तयार करतं, पण ते बाहेर पडत नाही आणि त्यात विरघळून जाणारा कचरा रक्तात साठायला लागतो. पुढे जे घडतं ते या विषबाधेतलं सगळ्यात नवलाचं आहे.

जनावर हिरवा चारा खातं तेव्हा पानातल्या हरितद्रव्यापासून ओटीपोटातले जंतू फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ बनवतात. ते रोजचंच आहे. निरोगी यकृत तो पित्तावाटे काढून टाकतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पित्त अडलं की हाच पदार्थ रक्तातून कातडीपर्यंत पोचतो. त्याच्यावर ऊन पडलं की तो आजूबाजूच्या पेशी जाळतो. म्हणजे कातडी भाजायला घाणेरीचं विष थेट कारण नसतं. भाजतं ते रोजच्या साध्या गवतातून बनलेलं द्रव्य आणि रोजचं ऊन. घाणेरी फक्त बाहेर जायची वाट बंद करते.

काळ्या कातडीतलं रंगद्रव्य ऊन अडवतं, म्हणून भाजणं दिसतं ते पांढऱ्या किंवा गुलाबी कातडीवर: नाकपुडी, ओठ, कानांची टोकं, कास, सड, योनीचा भाग. काळ्या-पांढऱ्या संकरित गायीचे पांढरे पट्टे सोलवटतात आणि काळे पट्टे जसेच्या तसे राहतात. रेघ मारल्यासारखी हद्द दिसते. देशी गायींच्या पुष्कळ जातींत पांढऱ्या केसांखाली कातडी काळी असते, त्यांना हा त्रास कमी होतो. म्हशीच्या अंगावर तर तो दिसेलच असं नाही. म्हणून म्हशीच्या बाबतीत कातडीची वाट बघू नये, डोळ्यांकडे बघावं. पापणी खाली ओढली की आतला भाग आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसतो का, हे पाहायचं. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांत तर या आजाराला गुलाबी नाक असंच म्हणतात.

एका गायीचा आठवडा

हे सगळं प्रत्यक्षात कसं उलगडतं ते एका उदाहरणातून पाहू. समजा, सोमवारी मराठवाड्यातल्या एका बाजारातून काळी-पांढरी संकरित गाय घेतली आणि टेम्पोतून सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी आणली. महिना चैत्राचा. ती पहाटेपासून उपाशी आहे आणि तिनं घाणेरी कधी चाखलेली नाही. मंगळवारी तिला गावच्या गुरांबरोबर सोडलं. जुन्या गायींना हिरव्या जाळीतलं काय टाळायचं ते ठाऊक आहे, त्या उताराला वाळलं गवत हुंगत पुढे जातात. नवी गाय मात्र समोर जे हिरवं दिसतं त्याच्यावर तुटून पडते. घाणेरीची बाधा बहुतेक अशाच जनावराला होते: नवं, भुकेलं आणि आसपास दुसरा चारा नसलेलं.

बुधवारी गव्हाणीतला चारा तसाच आहे. रवंथ नाही. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली तर एरवी मिनिटाला एकदोनदा जी लाट जाणवते ती येत नाही किंवा फार उशिरानं येते. दूध झटकन घटतं. गुरुवारी शेण थोडं, घट्ट, काळपट गोळ्यांसारखं. गाय सावली शोधते, उन्हात उभं केलं की अस्वस्थ होते. इथपर्यंत बहुतेकांना वाटतं की पोट बसलं, ओवा द्या, काढा द्या. शुक्रवारी नाक लालसर होऊन सुजतं, डोळे पिवळे, लघवी गडद. शनिवारी सडांवर भेगा पडतात आणि धार काढायला बसलं की ती लाथ मारते. मग कोणी सांगतं की लम्पी असेल. लम्पीत अंगभर गाठी येतात, त्यांना काळ्या-पांढऱ्याचा भेद नसतो. इथे गाठी नाहीत आणि भाजलेली कातडी फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर आहे. ही खूण पाहिली की लम्पीचा संशय मागे पडतो आणि मंगळवारी गाय कुठे चरली हे विचारावंसं वाटतं.

उपचाराविना अशी जनावरं एक ते चार आठवड्यांत मरतात. फार खाल्लेलं असेल तर दोन दिवसांतही. शवविच्छेदनात पित्ताशय फुगलेलं, यकृत पिवळसर, मूत्रपिंडं सुजलेली आणि ओटीपोट कोरड्या चाऱ्यानं गच्च भरलेलं सापडतं.

पोटातली पोतडी

हे गच्च भरलेलं ओटीपोट हीच सगळ्यात मोठी अडचण असते आणि उपचाराची किल्लीही तिथेच असते. यकृत बिघडलं की ओटीपोटाची हालचाल थांबते. ती थांबली की खाल्लेला घाणेरीचा पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातून रोज थोडं विष रक्तात उतरत राहतं. त्यानं यकृत आणखी बिघडतं. गाय घाणेरी खायची थांबून पाच दिवस झाले तरी तिच्या पोटात घाणेरीचं कोठार भरलेलंच असतं. म्हणून उशीर झाला तरी उपचाराचा उपयोग होतो.

डॉक्टर यासाठी सक्रिय कोळसा देतात. वजनाच्या दर किलोला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या चारशे किलोच्या गायीला दोन किलो. क्षारांच्या पाण्यात कालवून तो नळीनं थेट ओटीपोटात सोडतात. कोळसा विषाला धरून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर नेतो. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे चुलीतला कोळसा कुटून देणं. सक्रिय कोळशाला सूक्ष्म छिद्रांनी प्रचंड पृष्ठभाग मिळालेला असतो आणि विष त्या छिद्रांना चिकटतं. चुलीच्या कोळशात ती ताकद नसते. दुसरी चूक बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं तोंडातून जोरात पाजणं. अशक्त जनावराला गिळता येत नाही, काळं पाणी फुप्फुसात जातं आणि विषातून वाचलेली गाय न्युमोनियानं जाते.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो: मातीसुद्धा औषध आहे. बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची भुकटीही हेच काम करते. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात कोळसा दिलेल्या गुरांना सावरायला सुमारे तीन दिवस लागले, बेंटोनाइट दिलेल्यांना सुमारे सहा. वेळ दुप्पट, पण ती भुकटी कोळशापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. दोन किलो सक्रिय कोळसा खेड्यात मिळणंच अवघड असतं, तिथे हा पर्याय आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावा.

घरी करायचं काम साधं आहे. जनावर दिवसभर गडद सावलीत ठेवायचं, गोठ्यात ऊन येत असेल तर पोती टांगायची. पाणी भरपूर. आणि हिरवा चारा बंद. वर सांगितलेलं कातडी जाळणारं द्रव्य हिरव्यातूनच बनतं, म्हणून कडबा किंवा वाळलं गवत द्यायचं. आजाऱ्याला मायेनं लुसलुशीत गवत घालायचा मोह होतो, तो काही दिवस आवरावा. जखमांवर माश्या बसून अळ्या पडू नयेत म्हणून रोज बघत राहायचं.

कण्हेर वाट बघत नाही

कण्हेर ओळखायला सोपी. एका पेरावर तीन पानं, लांब, जाड, चामड्यासारखी, मधली शीर ठसठशीत. फुलं लाल, गुलाबी किंवा पांढरी. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची आणि चिरलं की दूध येणारी बिट्टी ही तिची नात्यातली. तिचं विषही त्याच जातीचं. दोन्हींचं मूळ, खोड, पान, फूल, बी, सगळंच विषारी आहे.

हृदयाच्या पेशीत एक छोटा पंप सतत चालू असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हा पंप बंद पाडतं. मग पेशीत सोडियम साठतं, त्याच्या मागोमाग कॅल्शियम साठतं आणि हृदयाची लय तुटते. माणसाच्या हृदयविकारात डिजॉक्सिन नावाचं औषध मोजून मापून देतात, त्याचा परिणामही याच पंपावर होतो. गायीच्या बाबतीत मापच सुटलेलं असतं. दहा-वीस पानं मोठ्या जनावराला पुरतात. तीस किलोच्या शेळीला तीन-चार ग्रॅम वाळलेली पानं बस होतात.

काही तासांत तोंडातून लाळ, पोटात कळा, पातळ जुलाब, कधी रक्त, कान आणि पाय गार, अंग थरथरतं. पुष्कळदा इतकंही दिसत नाही. सकाळी जनावर मेलेलंच सापडतं. आपल्या हातात असलेली एक तपासणी मात्र खूप सांगून जाते. शेपटीच्या मुळापासून चार बोटं खाली, शेपटीच्या आतल्या बाजूला मधोमध बोटं हलकी दाबून नाडी मोजा. निरोगी गायीची नाडी मिनिटाला साधारण पन्नास ते ऐंशी, घड्याळासारखी. कण्हेरीच्या बाधेत ती आधी मंद, मग जलद होते आणि मधेच एखादा ठोका गळतो. ठोके गळताहेत हे डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते वाटेतच तयारी करून येतील.

आणि इथे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. गार कानांची, बसलेली, ताजी व्यालेली गाय दिसली की आपल्याकडे पहिला विचार कॅल्शियमच्या बाटलीचा येतो. दुधाच्या तापात ती बाटली जीव वाचवते. कण्हेर खाल्लेल्या गायीच्या हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आधीच साठलेलं असतं. शिरेतून आणखी सोडलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून कण्हेरीचा जरासा संशय असला तरी डॉक्टरांना सुईच्या आधी सांगा. शक्य असेल तर चघळलेलं पान किंवा फांदी हातात द्या. कण्हेरीवरही सक्रिय कोळसा देतात, ठोके फार मंद असतील तर अॅट्रोपिन देतात आणि मौल्यवान जनावर असेल तर ओटीपोट उघडून पानं बाहेर काढतात. तोवर त्या जनावराला चालवायचं नाही, हाकायचं नाही, टेम्पोत चढवायची ओढाताण करायची नाही. आधीच अडखळणारं हृदय त्या श्रमानं थांबतं. डॉक्टरांनाच गोठ्यात बोलवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

जनावर मेलेलं सापडलं आणि नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठलेलं रक्त आलेलं असेल तर कण्हेरीचा पुरावा शोधायला शव फाडू नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते आणि तो माणसालाही होतो. आधी डॉक्टरांनी रक्ताची काच तपासावी. फाशी नाही हे ठरल्यावर मात्र ओटीपोटातला चारा बघणं फार मोलाचं ठरतं. पानाचा चुरा झाला असला तरी कण्हेर लपत नाही. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला श्वासरंध्रं खोलगट खळग्यांत असतात आणि त्या खळग्यांत बारीक केस असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढ्या तुकड्यावरही ही खूण सापडते.

हिरवी टाळतात, वाळलेली खातात

महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर का लावतात? एक तर तिला पाणी कमी लागतं आणि दुसरं म्हणजे गुरं तिला तोंड लावत नाहीत. ओली पानं कडू असतात. घात होतो तो पानं तोडल्यानंतर. वाळली की कडवटपणा उतरतो, विष तसंच राहतं. दुभाजकाची किंवा बंगल्याच्या कुंपणाची छाटणी झाली, फांद्या रस्त्याकडेला टाकल्या, चार दिवसांनी तिथून शेळ्या गेल्या, एवढंच पुरतं. वाळलेली पानं कापलेल्या गवतात मिसळून गव्हाणीतही येतात. पाण्याच्या हौदात पडलेली पानंही वाईटच. ज्या पाण्यात ती भिजतात त्यात विष उतरतं. छाटणी करणाऱ्यानं तो ढीग त्याच दिवशी खड्ड्यात पुरावा. जाळू नये, धूरही त्रासदायक असतो.

दुसरी वाट देवळातून येते. कण्हेरीचं फूल महादेवाला वाहतात. पूजेनंतरचं निर्माल्य गायीला घालायची रीत कित्येक गावांत आहे. त्यामागची भावना चांगली आहे, म्हणूनच निर्माल्यातून कण्हेर आणि बिट्टी वेगळी काढायची सवय देवळात लागली पाहिजे. हे काम दोन मिनिटांचं आहे.

घाणेरी उलटी टांगा

घाणेरी कोयत्यानं छाटली तर ती दुप्पट जोमानं फुटते. जाळली तरी बुंध्यातून पुन्हा येते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण नेमकं शोधलं: खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या पट्ट्यातूनच नवे कोंब येतात. त्यांची पद्धत साधी आहे. जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली मुख्य मूळ टिकावानं तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून, उलटं करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. मातीला टेकलं नाही की ते वाळून जातं. मग पहिल्या पावसानंतर फेरी मारायची. पाखरं जिथे बसतात त्या झाडांखाली आणि ओढ्याकाठी घाणेरीची रोपं दाट उगवतात, ती हातानं उपटावी लागतात. मोकळ्या जागेत गवत लावलं नाही तर घाणेरीच परत येते. सगळा डोंगर साफ करणं कोणालाच शक्य नाही; गुरांची रोजची वाट, पाणवठा आणि दुपारी गुरं बसतात ती जागा, एवढी तरी आधी घ्यावी. उपटलेली झुडपंही गुरांच्या पोचेपलीकडे ठेवावी, कारण कोमेजलेल्या पानातलं विष जात नाही.

राहिली ती नवी गाय. तिला पहिले दोन-तीन आठवडे मोकळं सोडायचं नाही. बाहेर न्यायची तर आधी घरी कडबा पोटभर घालायचा, मग जुन्या गायींच्या मधोमध चालवायचं. वाट दाट घाणेरीतून जात असेल तर पाणवठ्यापर्यंत मुसकं बांधायचं. मळणीच्या वेळी बैलाला बांधतो तेच मुसकं. खळी गेली तशी पुष्कळ घरांतली मुसकी माळ्यावर पडून आहेत, ती उन्हाळ्याच्या तोंडावर खाली काढावी.